फक्त 7 एमबीची पीडीएफ आणि फोन हँग

आमच्याकडे मशीनची मॅन्युअल्स आणि ड्रॉइंग्ज पीडीएफ करून साइटवरच्या टेक्निशियन लोकांना पाठवायचं काम माझ्याकडे असतं. त्या दिवशी सकाळीच एका टेक्निशियनचा फोन, "मॅडम, काल पाठवलेली फाइल उघडते पण चौदाव्या पानावर गेलं की सगळं पांढरं होतं, मोबाइल तापतोय आणि मग अ‍ॅपच बंद पडतं." फाइल होती 7 एमबीची. आणि गंमत म्हणजे त्याच फोनवर 180 एमबीचं स्कॅन केलेलं मॅन्युअल व्यवस्थित चालत होतं, पानं जरा उशिरा यायची एवढंच.

त्याने आधीच एका अ‍ॅपमधून फाइल कॉम्प्रेस करून बघितली होती. साइज जेमतेम कमी झाली आणि हँग तसंच. तिथेच मला शंका आली, कारण कॉम्प्रेसवाली अ‍ॅप्स मुख्यतः आतले फोटो लहान करतात, फोटोच नसतील तर ती करणार काय. म्हणून कॉम्प्युटरवर आधी हे चालवलं:

```
pdfimages -list manual.pdf
```

यात आतल्या इमेजेसची पानवार यादी येते. पान 14 यादीत नव्हतंच. म्हणजे ते पान फोटो नव्हतं, कॅडमधून थेट काढलेलं ड्रॉइंग होतं, सगळं रेषांचं. झूम करत गेले तर रेषा कितीही मोठ्या केल्या तरी धारदारच राहत होत्या, आणि कापलेल्या भागात जे तिरकं हॅच भरतात ना, त्यातली प्रत्येक बारीक रेष वेगळी होती. अशा हजारो रेषा म्हणजे फाइलमध्ये नुसते आकडे, ते दाबून अगदी छोटे होतात म्हणून साइज 7 एमबी दिसते, पण पान उघडलं की फोनला प्रत्येक रेष नव्याने काढावी लागते, आणि झूम केलं की परत पहिल्यापासून.

लक्षणांवरूनही हे ओळखू येतं. स्कॅनचं पान बहुतेक वेळा आधी धूसर येतं मग स्पष्ट होतं. रेषांचं पान मात्र बराच वेळ पांढरं राहतं किंवा तुकड्यातुकड्याने भरत जातं.

सरळ उपाय म्हणजे त्या पानाची इमेज करायची. पण इथे एक अडचण आहे. ड्रॉइंग ए1 साइजचं होतं, 200 डीपीआयला त्याची इमेज साधारण 6622 बाय 4677 पिक्सेल होते. डिस्कवर ती कितीही छोटी दिसू दे, उघडल्यावर मेमरीत दर पिक्सेलला 4 बाइट धरले तर 120 एमबीच्या वर जाते, आणि फोनची रॅम भरपूर असली तरी एका अ‍ॅपच्या वाट्याला त्यातला थोडाच भाग येतो. डीपीआय निम्मा केला तर मेमरी एक चतुर्थांश होते हे खरं, पण मग 2.5 मिमी उंचीची अक्षरं जेमतेम 10 पिक्सेलची राहतात, डायमेन्शनमधला 3 का 8 कळेना झालं तर साइटवर चुकीचं भोक पडायचं. ते मला चालणार नव्हतं.

म्हणून डीपीआय 200 च ठेवला आणि पान चार तुकड्यांत कापलं, प्रत्येक तुकडा ए3 एवढा, मेमरीत 30 एमबीच्या आसपास. पहिला तुकडा असा:

```
pdftoppm -r 200 -f 14 -l 14 -x 0 -y 0 -W 3311 -H 2339 -gray -png manual.pdf p14a
```

बाकीच्या तीनसाठी फक्त x आणि y बदलायचे. जेपेग मुद्दाम नाही केलं, बारीक रेषांच्या कडेला त्यात घाण येते. मग चारही तुकडे `img2pdf` ने एका पीडीएफमध्ये घेतले आणि तेवढीच फाइल टेक्निशियनला पाठवली, सांगितलं की चॅटमध्येच उघडू नको, फोनमध्ये सेव्ह करून चांगल्या रीडरमध्ये उघड. थोड्या वेळाने मेसेज, "उघडलं मॅडम, झूम पण लगेच होतंय."

याचा एक तोटा आहे, इमेज झाल्यावर त्या पानावर पार्ट नंबर सर्च करता येत नाही. म्हणून हा मला कायमचा उपाय वाटत नाही, तेवढ्यापुरतं काम भागतं. दुपारी ड्रॉइंगवाल्या सहकाऱ्याकडे जाऊन बसले, त्यांनी मोबाइलसाठी वेगळं एक्सपोर्ट काढलं, हॅचचा लेयर बंद आणि जिथे मटेरियल दाखवायलाच हवं तिथे रेषांऐवजी फिकट राखाडी रंग. ते पान न कापता, अख्खं ए1, त्याच फोनवर उघडलं आणि सर्चही चालला. आता साइटवर जाणारं प्रत्येक ड्रॉइंग असंच काढून घेते, हॅचवालं फक्त प्रिंटसाठी.