न्यूअर्क ते पुणे, कुटुंबाच्या एकत्रित माइल्सवर

विमानप्रवासावर मिळणारे माइल्स, म्हणजे तिकिटासाठी वापरता येणारे गुण, कुटुंबाने एकत्र केले की घरातले कोणीही, कुठेही जाऊ शकते, असे आमच्या अमेरिकी विमानकंपनीचे जाहिरातीचे पान सांगते. त्यातले ‘कुठेही’ खरे नाही. माझ्या खात्यात ६१,०००, पत्नीच्या २७,००० आणि मुलीच्या १२,००० माइल्स होते. ॲपने सगळे माइल्स टाकण्याचाच पर्याय आधी पुढे केला आणि एका क्षणात एक लाख कुटुंबाच्या खात्यात जमा झाले. त्यानंतर फ्रँकफर्टमार्गे मुंबईला जाणारे भागीदार कंपनीचे ४४,०००चे तिकीट शोधले, तर विमान दिसत होते, पण पैसे भरण्याच्या पानावर एकत्रित माइल्सचा पर्यायच नव्हता. एकत्रित माइल्स फक्त त्या कंपनीच्या स्वतःच्या विमानांवर चालतात आणि एकदा टाकलेले परत वैयक्तिक खात्यात येत नाहीत, ही दोन कलमे नियमावलीत फार खाली आहेत.

खरे तर हे तिकीट माझ्या एकट्याच्या खात्यातून पत्नीच्या नावे कोणतेही जादा शुल्क न देता काढता आले असते. ज्याचे माइल्स त्यानेच प्रवास करावा असे बंधन तिथे नाही, आणि बहुतेकांना हेच ठाऊक नसते. म्हणून ज्या खात्यात एका तिकिटापुरते माइल्स आहेत, त्याला हात लावू नये. मुलीच्या १२,०००सारखी एरवी पडून राहणारी शिल्लक तेवढी एकत्र करावी. एका खात्यातून दुसऱ्यात माइल्स हस्तांतरित करणे ही तर उघड लूट आहे. पत्नीच्या २७,०००मध्ये कमी पडणारे १७,००० घालायचे, तर दर ५०० माइल्सना साडेसात डॉलर आणि वर ३० डॉलर, म्हणजे २८५ डॉलर. तेही स्वतःचेच माइल्स हलवण्यासाठी.

सगळीकडे नियम सारखे नाहीत. ब्रिटिश एअरवेजच्या कौटुंबिक खात्यात तिकिटाचे गुण प्रत्येकाच्या शिलकीच्या प्रमाणात वजा होतात: ६०, २० आणि २० हजार असतील आणि तिकीट ५० हजारांचे असेल, तर ३०, १० आणि १० हजार जातात, त्यामुळे ‘आधी आईचे संपवू’ असे करता येत नाही. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर या माइल्सच्या योजनेत माइल्स एकत्र न करता नातेवाइकांची नावे नोंदवून त्यांच्यासाठी तिकीट काढावे लागते.

आम्हाला शेवटी त्या कंपनीच्या विमानाने दिल्लीपर्यंत आणि पुढे वेगळ्या तिकिटावर पुण्याला जावे लागले. पुण्याचे दिवस चांगले गेले. दिल्लीची रात्र मात्र विसरता येत नाही. वेगळे तिकीट म्हणजे सामान स्वतः उचलायचे, टर्मिनल ३ वरून रस्त्याने टर्मिनल १ गाठायचे आणि तिथे प्रत्येकी १५ किलोंच्या मर्यादेपुढे तेवीस किलोंच्या बॅगांचे जादा पैसे मोजायचे. हाच मार्ग घ्यावा लागला, तर मध्ये किमान सहा तास ठेवा आणि जादा वजन आधीच ऑनलाइन विकत घ्या, कारण काउंटरवर ते महाग पडते.