चार भागिले एकशे दोन

ईशानच्या वर्गात कुणाकडे तरी पोकेमॉनच्या कार्डांतला 'तो' चारिझार्ड आहे, अशी बातमी कोथरूडभर झाली आणि एका रविवारी ते कार्ड प्लॅस्टिकच्या पाकिटातून माझ्या टेबलावर आलं. "मामा, हे लाखाचं आहे का ते सांग," एवढाच प्रश्न. सोबत कार्डाचा मालक, वय वर्षं दहा, चेहरा थेट निकालाच्या दिवशीचा.

पोकेमॉनचं कार्ड वाचताना चित्राकडे सगळ्यात शेवटी बघावं. तोच नारिंगी ड्रॅगन, तीच ज्वाळा आणि तेच १२० एचपी कितीतरी वेळा छापून झालेत. आधी खालचा उजवा कोपरा बघायचा. तिथे होतं ४/१०२ आणि पुढे काळी चांदणी. चांदणी म्हणजे दुर्मिळ, पत्त्यांतल्यासारखी चौकट म्हणजे जरा कमी दुर्मिळ, गोल म्हणजे पाकिटागणिक निघणारं. १०२ म्हणजे त्या संचात एकूण किती कार्डं, आणि ४ हा त्यातला या कार्डाचा क्रमांक.

हा चार कुठून आला? इंग्रजीतल्या पहिल्या संचात, म्हणजे १९९९च्या बेस सेटमध्ये, आधी चमकणारी दुर्मिळ कार्डं घेतली आणि ती इंग्रजी मुळाक्षरांप्रमाणे लावली. अलाकाझाम, ब्लास्टॉइज, चॅन्सी आणि मग चारिझार्ड. लाडका पिकाचू मात्र ५८व्या जागी, गोलवाल्या सामान्य कार्डांच्या गर्दीत. प्राण्याचा स्वतःचा क्रमांक वेगळाच असतो. जुन्या कार्डावर तो वर्णनाच्या ओळीशेजारी बारीक अक्षरात सापडतो, चारिझार्डचा ६ आणि पिकाचूचा २५. चित्र घासून गेलं असलं तरी एवढ्यावरून पात्र ओळखता येतं. पोरं हे दोन आकडे हमखास एकमेकांत मिसळतात.

पण नुसता क्रमांक म्हणजे पेठेचं नाव न लिहिलेला घरनंबर. १०४६ कुठला, सदाशिवातला की शुक्रवारातला? पोस्टमन तरी काय करणार! ती पेठ सांगतं संचाचं चिन्ह. जुन्या कार्डांवर ते चित्राच्या चौकटीखाली उजवीकडे असतं. जंगल संचाला फूल, बेस सेट २ला पोकेबॉल आणि त्यावर २चा आकडा. गंमत अशी की मूळ बेस सेटला चिन्हच नाही. पहिलाच संच, वेगळं ओळखायचं कुणापासून? म्हणून खऱ्या ४/१०२ चारिझार्डची ती जागा कोरी हवी.

मालकाला भिंग दिलं. "काय दिसतंय?" तो म्हणाला, "पिकाचूचं तोंड. आणि पंचवीस."

संपला विषय. पोकेमॉनला २५ वर्षं झाली तेव्हा, २०२१मध्ये, सेलिब्रेशन्स नावाचा संच आला. त्यात काही जुनी कार्डं मूळ क्रमांकासकट पुन्हा छापली. म्हणून आकडा १९९९चा आणि चिन्ह २०२१चं. कार्ड अस्सल आहे, फक्त लाखाचं नाही. पोराचा चेहरा पडला तसा ईशान लगेच म्हणाला, "पण खोटं नाहीये ना!" मित्र असावा तर असा.

समजा ती जागा कोरी असती, तरी काम संपलं नसतंच. मग चित्राच्या डाव्या कोपऱ्याखाली फर्स्ट एडिशनचा काळा गोल शिक्का शोधायचा. तो नसेल तर चौकटीच्या उजव्या कडेला सावली आहे का बघायचं. सावली नसलेली छपाई आधीची, आणि तिच्या तळाच्या हक्कांच्या ओळीत ९५, ९६, ९८ नंतर ९९ही असतो. सावली आली तेव्हा तो ९९ गेला. बाजारात या तिन्हींच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो ठरतो नखाएवढ्या शिक्क्यावर नि केसाएवढ्या सावलीवर.

कोऱ्या जागेचीही एक खोड आहे. जंगल संचाच्या एका छपाईत चमकणाऱ्या कार्डांवर फूल छापायचंच राहून गेलं. असा स्नॉरलॅक्स हातात आला तर चिन्ह नाही म्हणून तो बेस सेटचा वाटतो. तिथे क्रमांक खरं बोलतो: ११/६४. चौसष्ट कार्डांचा संच जंगलचा, आणि बेस सेटमध्ये तर स्नॉरलॅक्स नाहीच. एका कार्डात चिन्हानं आकड्याला उघडं पाडलं, दुसऱ्यात आकड्यानं चिन्हाची चूक पकडली. म्हणून दोन्ही वाचायचे आणि एकमेकांशी ताडून बघायचे.

हे ऐकून दोघांनी अख्खी फाईल माझ्यासमोर उपडी केली. त्यात एका कार्डावर १९९/१६५ होतं. "मामा, हे तर नक्की खोटं! एकशे पासष्टातलं एकशे नव्याण्णवावं?"

"नाही रे, ते वरकडीचं," मी म्हटलं. "छापील बेरजेच्या पुढचे क्रमांक मुद्दाम ठेवतात, ती जास्त दुर्मिळ असतात. हा कोण आहे ते बघ आधी."

चारिझार्डच होता. भिंग पुन्हा मालकाच्या हातात गेलं.