आमची वाटचाल: झाड, माणूस आणि पायरेषा

आमची कंपनी लहान आहे. दोन प्रोग्रामर, एक चित्रकार, आणि हिशेबापासून टेस्टिंगपर्यंत उरलेलं सगळं पाहणारा मी. सुरुवातीची कामं शब्दकोड्यांची, पत्त्यांची, लहान मुलांच्या गणिताच्या गेमची होती. अशा गेममध्ये कुठलं चित्र वर आणि कुठलं खाली हे एकदा ठरलं की ठरलं. पार्श्वभूमी आधी काढायची, मग पत्ते, मग बटणं. त्यामुळे चित्र काढण्याचा क्रम हा विचार करण्याजोगा विषय आहे, असं आमच्यापैकी कोणालाच वाटलं नव्हतं.

ते बदललं एका अर्धवट कामामुळे. एका क्लायंटने दुसरीकडे सुरू झालेला गेम पूर्ण करायला आमच्याकडे आणला. वरून दिसणारा नकाशा, जंगल, मधोमध गाव, आणि त्यात हिंडणारा एक मुलगा. चित्रं सुरेख होती. तक्रार एकच होती, आणि ती क्लायंटने फोनवरच सांगितली होती: "अहो, पोरगा झाडाच्या पुढे उभा राहतो तरी पानांत गडप होतो. बघणाऱ्याला वाटतं तो झाडावर चढलाय."

कोड उघडल्यावर कारण लगेच दिसलं. जमिनीचा एक लेयर, त्यावर माणसांचा, त्यावर झाडांचा, आणि प्रत्येक फ्रेममध्ये ते याच क्रमाने रंगवले जात होते. म्हणजे मुलगा कुठेही असो, झाड त्याच्यावरच येणार. झाडामागे गेलेला मुलगा यात बरोबर दिसतो, पण पुढे आला की त्याचं डोकं खोडाखाली जातं. लेयरची अदलाबदल केली तर उलटं होतं: पुढचा मुलगा बरोबर, आणि मागचा मुलगा पानांवर चिकटवल्यासारखा. लेयर कितीही वाढवा, हे सुटत नाही. कोण पुढे आणि कोण मागे हे वस्तूच्या प्रकारावर ठरत नाही, त्या क्षणी ती कुठे उभी आहे त्यावर ठरतं.

उपाय जुना आणि सर्वज्ञात आहे. माणसं, झाडं, दगड, कुंपण, जे जे जमिनीवर उभं आहे ते सगळं एकाच यादीत घ्यायचं, दर फ्रेमला ती यादी उभ्या स्थानानुसार लावायची आणि त्या क्रमाने रंगवायची. स्क्रीनवर हे उभं स्थान, म्हणजे वाय, वरून खाली वाढतं. ज्याचा वाय कमी तो दूर, म्हणून तो आधी रंगवायचा; ज्याचा जास्त तो जवळ, म्हणून नंतर. जवळची वस्तू आपोआप दूरच्या वस्तूवर येते. आमच्या प्रोग्रामरने हे जेवणाच्या सुट्टीआधी करून दाखवलं.

खरी गोष्ट इथून पुढे आहे, कारण "वाय" म्हणजे चित्रातला नक्की कुठला वाय, यावर सगळं अडतं.

त्या गेममध्ये स्प्राइटचं, म्हणजे वस्तूच्या चित्राचं, स्थान म्हणजे चित्राचा वरचा डावा कोपरा होता. झाडाचं चित्र ९६ पिक्सेल उंच, मुलाचं ४८. समजा झाडाची वरची कड २०० वर आहे आणि मुलाची २३०. वरच्या कडेने क्रम लावला तर मुलगा झाडानंतर रंगवला जातो, म्हणजे पुढे येतो. पण त्याचे पाय २७८ वर आहेत आणि झाडाचं खोड जमिनीला टेकतं २८८ वर. मुलगा खरं तर झाडामागे उभा आहे. चित्राचा मध्य धरला तरी तेच: झाडाचा मध्य २४८, मुलाचा २५४, म्हणजे मुलगा पुन्हा चुकीने पुढे.

मध्य धरण्याची दुसरी अडचण बुटक्या वस्तूंजवळ उघडी पडते. १६ पिक्सेल उंचीचा दगड घ्या, ज्याचा तळ २९६ वर आहे. मुलगा त्याच्या पुढे, पाय ३०० वर. दगडाचा मध्य २८८, मुलाचा २७६. म्हणून मुलगा आधी रंगवला जातो आणि दगड त्याच्या पायांवर येतो. झाडाजवळ माणूस चुकीने पुढे आणि दगडाजवळ चुकीने मागे, असं दिसलं की आम्ही आता कोड न उघडताही सांगतो की क्रम चित्राच्या मध्यावर लावलाय. सगळ्या वस्तू सारख्याच उंचीच्या असल्या तर हा दोष दिसतच नाही. म्हणूनच तो पहिल्या डेमोत सापडत नाही.

तुलना करायची ती वस्तू जिथे जमिनीला टेकते त्या रेषेची. आमच्याकडे तिला पायरेषा म्हणतात. मुलगा २७८, झाड २८८: मुलगा मागे. मुलगा ३००, दगड २९६: मुलगा पुढे. दोन्ही बरोबर.

पायरेषा म्हणजे चित्राची खालची कडही नव्हे. त्या झाडाच्या चित्रात खोडाखाली ८ पिक्सेल गवत आणि सावली होती, म्हणून खालची कड २९६ वर येत होती. ती धरली की २८८ ते २९६ या पट्टीत उभा राहिलेला मुलगा खोडाच्या पुढे असूनही मागे जायचा. इतक्या अरुंद पट्टीतला बग टेस्टिंगमध्ये कधी दिसतो, कधी निसटतो. तो पकडायला आम्ही गेममध्ये एक कळ ठेवली: ती दाबली की प्रत्येक वस्तूच्या पायरेषेवर लाल रेघ उमटते. मग झाडाभोवती सावकाश फिरायचं. बुंध्याच्या बाजूने मुलाचे पाय लाल रेघ ओलांडतात त्याच क्षणी तो मागून पुढे आला पाहिजे. आणि ती रेघ खोडाच्या धडकचौकटीच्या आत पडली पाहिजे, म्हणजे सरळ बुंध्याकडे चालताना पाय तिच्यावर पोहोचण्याआधीच खोड मुलाला अडवतं आणि अदलाबदल डोळ्यांदेखत होत नाही. धडकचौकट फक्त बुंध्यापुरती ठेवतो, २४ बाय १० पिक्सेलची. पानांना धडक नाही, म्हणून तर त्यांच्या मागून चालता येतं.

एवढं झाल्यावर एक लुकलुक उरली. दोन माणसं बरोबर एका वायवर उभी राहिली की फ्रेमगणिक एकमेकांच्या पुढेमागे होत. गेम लुआ या प्रोग्रामिंग भाषेत होता, आणि लुआचं `table.sort` समान किमतींचा मूळ क्रम राखण्याची हमी देत नाही. बरोबरी झाली तर कायम तोच निकाल लागेल असं दुसरं काहीतरी द्यावं लागतं. इथे `footY` म्हणजे पायरेषा आणि `id` म्हणजे वस्तूचा स्वतःचा क्रमांक:

```lua
table.sort(items, function(a, b)
  if a.footY ~= b.footY then
    return a.footY < b.footY
  end
  return a.id < b.id
end)
```

इथे `<` च्या जागी `<=` लिहून बरोबरी मिटवण्याचा मोह होतो. लुआ मग `invalid order function for sorting` म्हणून थांबू शकतं, आणि तेही नेमकं डेमोच्या दिवशी.

धंद्याच्या दृष्टीने बदल झाला तो यानंतर. पायरेषा प्रोग्रामरने चित्र बघून अंदाजाने भरायची, की चित्रकाराने द्यायची? आमच्या चित्रकार ताईंचं म्हणणं सरळ होतं: "झाड कुठे टेकतं हे काढणाऱ्याला माहीत असतं. तुम्ही का शोधत बसता?" तेव्हापासून प्रत्येक उभ्या वस्तूच्या चित्राबरोबर पायरेषेचा आकडा येतो. बाहेरून चित्रं करून घेतो तेव्हा कामाच्या अटींत ही ओळ असते, आणि आकडा नसेल तर चित्र पूर्ण झालं असं आम्ही धरत नाही. सावली वेगळ्या चित्रात मागतो, कारण ती जमिनीच्या लेयरवर सगळ्यांच्या आधी रंगवायची असते. एकाच चित्रात असली तर एकाची सावली दुसऱ्याच्या चेहऱ्यावर पडते.

पुढे आम्ही गोडो या गेम इंजिनवर आलो. तिथे हे काम `y_sort_enabled` या एका खुणेवर होतं, पण तुलना होते नोडच्या, म्हणजे गेममधल्या एकेका घटकाच्या, मूळबिंदूची. म्हणून स्प्राइट वर सरकवून मूळबिंदू पायाशी आणावाच लागतो, आणि नकाशाच्या चौकोनी टाइलमधल्या झाडांना `Y Sort Origin` द्यावा लागतो. नव्याने आलेल्या मुलांना दोन गोष्टी हमखास छळतात. एक, दोन वस्तूंचा `z_index`, म्हणजे थराचा आकडा, वेगळा असेल तर वायचा क्रम त्या दोघांत लागतच नाही. कुणीतरी कधीतरी झाडाला १ देऊन ठेवलेला असतो. दुसरी, ती खूण माणसाच्या नोडवरच लावली की त्याची टोपी आणि तलवारही स्वतंत्रपणे क्रमात उतरतात. मग माणूस झाडापुढे आणि टोपी झाडामागे. खूण सगळ्यांच्या समाईक पालक नोडवर हवी, माणूस एकसंध राहिला पाहिजे.

उडी मारणाऱ्या माणसाची उंची आम्ही वायमध्ये कधीच मिसळत नाही. ती वेगळी ठेवतो, चित्र तेवढं वर काढतो, क्रम मात्र जमिनीवरच्या वायने लावतो. नाहीतर झाडापुढे उडी मारणारा क्षणभर झाडामागे जाऊन येतो.

गंमत म्हणजे सगळं दुरुस्त झाल्यावर त्या क्लायंटचा पुन्हा फोन आला: पोरगा अजून झाडामागे लपतो. या वेळी तो खरोखरच मागे होता! क्रम बरोबर होता, पण मोठ्या झाडाआड मुलगा पूर्ण झाकला जाऊन खेळणाऱ्याला सापडत नव्हता. हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचा इलाजही वेगळा. मुलाची पायरेषा झाडाच्या पायरेषेच्या वर असेल आणि दोन्ही चित्रं एकमेकांवर येत असतील, तर ते झाड अर्धपारदर्शक करायचं. तक्रार आली की आम्ही आता आधी विचारतो: पाय खोडाच्या वर आहेत की खाली?

पायरेषेचा नियम एका गोष्टीवर उभा आहे: वस्तू जमिनीवर जवळजवळ आडवी टेकलेली असावी. आडवं कुंपण कितीही लांब असलं तरी चालतं. पण नकाशात वरून खाली जाणारं कुंपण किंवा तिरका पडलेला ओंडका एका आकड्यात बसत नाही. त्याच्या वरच्या टोकाशी माणूस पुढे हवा असतो आणि त्याच वेळी खालच्या टोकाशी दुसरा माणूस मागे. तिथे चित्राचे तुकडे करून प्रत्येकाला स्वतःची पायरेषा देतो. ओंडक्याचे टाइलएवढे तुकडे बहुधा पुरतात.

पुलाला मात्र तुकडेही पुरत नाहीत. वरून जाणारा आणि खालून जाणारा, दोघांचे पाय एकाच वायवर असू शकतात. प्रत्येकाला मजल्याचा आकडा द्यावा लागतो, आधी मजल्याने आणि मग पायरेषेने क्रम लावावा लागतो, आणि चढावर मजला नेमका कुठे बदलतो ते नकाशात आखावं लागतं. धडकही मजल्यानुसार वेगळी होते. म्हणून वरून दिसणाऱ्या गेमची चौकशी आली की दर सांगण्याआधी मी नकाशाचं कच्चं चित्र मागवतो आणि त्यात पूल, गच्ची किंवा भुयार आहे का ते पाहतो. असेल तर त्याचा खर्च अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत येतो. काही क्लायंट ती ओळ पाहून पुलाऐवजी नदीत उथळ जागा ठेवतात, आणि गेमचं त्याने फारसं बिघडत नाही.