फोटोखालच्या दोन ओळी

पहिल्या कार्यक्रमाच्या फोटोखाली काय लिहायचं हे आपल्याकडे जवळजवळ ठरलेलं आहे. 'गुरुकृपेने आणि घरच्यांच्या आशीर्वादाने रंगमंचावर पहिलं पाऊल', पुढे जोडलेले हात, एक दिवा आणि घुंगरांचं चित्र मिळालं नाही म्हणून घंटेचं. मजकूर गायनाला चालतो, तबल्याला चालतो, भरतनाट्यमच्या अरंगेत्रमला तर चालतोच चालतो. मीही तोच टाइप केला होता. चाळिशीत कथकचा पहिला कार्यक्रम करणाऱ्या बाईला यापेक्षा वेगळं काही सुचावं अशी कुणाची अपेक्षाही नव्हती. पण फोटो पुन्हा मोठा करून पाहिला आणि बोट थांबलं. फोटोत मी मध्यभागी आहे, हात वर, चेहरा बरा आलाय. उजव्या कडेला, अर्ध्या कापल्या गेलेल्या ताई, माझ्या गुरू. पढंत करताना, म्हणजे तालात बोल म्हणताना, तोंड उघडं आणि डावा तळवा हवेत.

तो तळवा नेमका कशासाठी वर होता हे मला माहीत आहे. 'गुरुकृपा' म्हटलं की तेवढंच नेमकं निसटतं.

तेरा-चौदा मिनिटांचा तीनताल होता. थाट, आमद, चार-पाच तोडे, एक परण आणि शेवटी तत्कार. मागे तबला आणि हार्मोनियमवर लेहरा. लेहरा म्हणजे सोळा मात्रांची एकच चाल, जी वादक आपला कार्यक्रम संपेपर्यंत न कंटाळता फिरवत बसतो. ऐकणाऱ्याला तो पार्श्वसंगीत वाटतो, नाचणाऱ्याला तो रस्ता असतो. चालीचं तोंड आलं की कळतं, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, आता जवळ आहे. हे वर्गात फार छान कळतं. रंगमंचावर पायात शंभर-शंभर घुंगरू वाजत असतात आणि लेहरा त्यांच्याखाली बुडतो. त्यातून मोठं सभागृह असेल तर तबल्याचा आवाज मागच्या भिंतीवर आपटून उशिरा परत येतो. दोन 'धा' ऐकू येतात आणि खरा कुठला ते पायांना ठरवावं लागतं. म्हणून ताईंनी रंगीत तालमीत पहिलं काम केलं ते मॉनिटर माझ्याकडे वळवण्याचं. ध्वनिव्यवस्थेचा मुलगा म्हणाला, "प्रेक्षकांना नीट ऐकू येतंय की." ताई म्हणाल्या, "प्रेक्षकांना नाचायचं नाहीये."

तर, तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर येणं. शेवटच्या तोड्याची तिहाई अगदी साधी होती, ताईंच्याच शब्दांत 'पोरांची'. पाच मात्रांचा तुकडा : ता थेई थेई तत् थेई. मग एक मात्रा दम, म्हणजे थांबायचं. पुन्हा तुकडा, पुन्हा दम, पुन्हा तुकडा. पाच आणि एक, पाच आणि एक, पाच. झाले सतरा. समेवर सुरू केलं तर सतरावी मात्रा म्हणजे पुढच्या आवर्तनाची सम. हिशेब वहीत दोन ओळींचा आहे. पहिला तुकडा पाचव्या मात्रेवर संपतो, तिथे टाळी असते, त्यामुळे पायाला आधार मिळतो. दुसरा सुरू होतो सातव्या मात्रेवर, आणि सातव्या मात्रेवर काहीच नसतं. टाळी नाही, खाली नाही, नुसतं मोकळं रान. तिसरा तेराव्यावर उचलायचा. तिथे पुन्हा टाळी आहे, म्हणजे इथवर बरोबर आलो की नाही ते तिथे कळतं. कळून उपयोग मात्र काही नसतो, कारण तोवर पाय निघून गेलेले असतात.

घाबरलेला माणूस इथे चुकतो, आणि चुकतो ते नेहमी एकाच दिशेने. बोल विसरत नाही, ते महिनोन् महिने घोटलेले असतात. तो दम खातो, म्हणजे थांबायची ती मात्राच गिळून टाकतो. पाय चालू असतात तोवर घुंगरू वाजतात, काहीतरी चाललंय असं वाटतं. दमाच्या मात्रेला मात्र सगळं बंद. बघणारे बघत असतात आणि आपण नुसतं उभं राहायचं. ती एक मात्रा मध्यलयीत सेकंदाहूनही कमी असते, पण उभं राहणाऱ्याला ती बँकेच्या रांगेइतकी लांब वाटते. मग दोन्ही दम अर्धे अर्धे खाल्ले तर सोळाव्यावर येऊन पडायचं, पूर्ण खाल्ले तर पंधराव्यावर. हात सुरेख वर नेऊन, मान वळवून, हसून उभं राहायचं, आणि मग मागून तबलजींचा 'धा' यायचा. प्रेक्षकांतल्या पुष्कळांना कळतही नाही, ते टाळ्या वाजवतात. तबलजी मात्र वर बघत नाहीत. त्यांनी मान खाली घातली की समजायचं.

बिनदमाची तिहाईसुद्धा असते, बेदम म्हणतात तिला, आणि ती उत्तम असते, पण तिचा हिशेब तसा बांधलेला असतो. दमदार तिहाई घाबरून बेदम करता येत नाही.

यावर ताईंचा उपाय काही गूढ नव्हता. वर्गात त्यांनी आधी नाच बंद करून नुसती पढंत करायला लावली, हाताने ताल देत, आणि दमाच्या जागी 'हं' म्हणायला लावलं. ता थेई थेई तत् थेई, हं. जागा रिकामी राहिली नाही की माणूस ती खात नाही. मग 'हं' मनात म्हणायचं. मग तेही सोडायचं. शिवाय कार्यक्रमाच्या दिवशी एक गोष्ट त्यांनी मला न विचारता केली. तबलजींनी रिवाजाप्रमाणे माझ्याकडे बघून विचारलं, "लय?" मी टाळी द्यायला हात उचलणार, तेवढ्यात ताईंनीच दिली. विंगेत उभ्या असलेल्या माणसाची लय त्याच्या छातीतल्या ठोक्यांना बांधलेली असते. तिथे दिलेली टाळी हमखास चढी निघते आणि मग तीच लय शेवटपर्यंत निस्तरावी लागते. आणि तिहाई आली तेव्हा सातव्या मात्रेच्या आधी त्यांनी डावा तळवा उचलला, 'थांब' म्हणतात तसा. माझ्या डोळ्यांच्या कोपऱ्याला तो दिसला. बाकी काम पायांनी केलं.

घरच्यांच्या आशीर्वादाबद्दल बोलायचं तर त्यांच्याकडून आशीर्वादापेक्षा सेफ्टी पिना जास्त मिळाल्या. आईने ग्रीनरूममध्ये ओढणीला एक पिन खांद्यावर, एक कमरेला, आणि 'असू दे' म्हणून आणखी दोन ठोकल्या. दहीसाखर घेऊन आली होती. नाचायच्या आधी दही नको म्हटल्यावर साखर तरी खा म्हणाली. घुंगरांची दोरी ती इतकी आवळत होती की बोटं बधिर झाली असती. सैल बांधलं तर घुंगरू टाचेवर उतरतात, घट्ट बांधलं तर पाय कळेनासा होतो, आणि नेमकं किती ते बांधणाऱ्याला नाही, पायालाच कळतं. शेवटी मीच बांधले. सासूबाईंनी लांबून एकच सूचना केली, "चक्कर कमी घे गं." तोड्यात किती चकरा आहेत हे कथकमध्ये आपल्या मर्जीवर नसतं, हे त्यांना त्या क्षणी सांगण्यात अर्थ नव्हता.

सासूबाईंची काळजी त्यांची एकटीची नाहीच. रोहिणी भाटे यांनी १९४७ साली पुण्यात नृत्यभारती सुरू केली, त्या काळात पांढरपेशा घरातल्या मुलीने घुंगरू बांधायचे म्हणजे घरच्यांना कशाकशाची धास्ती वाटली असेल! माझ्या घरच्यांची धास्ती तीन पिढ्यांत खाली उतरत उतरत 'पडू नकोस' एवढ्यावर आली, ही प्रगतीच म्हणायची.

नवऱ्याने व्हिडिओ काढला. तो पाहण्यापेक्षा ऐकण्यासारखा आहे, कारण त्यात तबल्याच्या बरोबरीने त्याचा श्वास ऐकू येतो. चकरा सुरू झाल्या की श्वास बंद, संपल्या की मोठ्ठा उसासा. चौकट सारखी हलते. शेजारी बसलेला मुलगा दिसत नाही, पण तिहाईच्या जागी त्याचा बारीक, पण शिक्षकी थाटाचा आवाज येतो, "आई, हं." घरात हॉलमध्ये सतरंजी घालून मी जे काही करत होते ते त्याने गृहपाठ करता करता ऐकलं होतं. त्याला भूगोलातलं काही आठवत नाही, पण तेराव्या मात्रेवर टाळी असते हे पक्कं पाठ आहे. आणि खालच्या मजल्यावरच्या काकू! त्यांनी तर तत्कार छतातून ऐकला, दुगुनीपासून चौगुनीपर्यंत, दुपारच्या झोपेच्या वेळेत. त्यांना तिकीट द्यायला गेले तर म्हणाल्या, "येते हो, एकदा बघू दे तरी काय चाललं होतं ते."

ही मंडळी दोन ओळींत बसवायची कशी? गाणारे-नाचणारे लोक गुरूचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात. त्यात सगळं येतं. फोनवर ती सोय नाही आणि जोडलेल्या हातांचं चित्र वाढदिवसापासून निवडणुकीपर्यंत सगळीकडे वापरून झालेलं आहे. मी आधीचा मजकूर पुसला. फोटो कापून मला मध्ये आणण्याऐवजी उलट सरकवला, म्हणजे ताईंचा तळवा पूर्ण आला आणि माझी एक कोपर गेली. खाली लिहिलं :

'सातव्या मात्रेच्या आधी थांबवल्याबद्दल ताईंना. चार पिनांसाठी आईला, न पडण्याच्या काळजीसाठी सासूबाईंना, श्वास रोखून धरल्याबद्दल नवऱ्याला, "हं"साठी लेकाला. दुपारच्या झोपेसाठी काकूंना, उशिरा का होईना, क्षमस्व.'

मैत्रिणींनी विचारलं, सातवी मात्रा म्हणजे काय. एका आत्याने नेहमीप्रमाणे 'अभिनंदन, असेच यश मिळो' लिहिलं. आईने फोन करून सांगितलं की पिना चार नव्हे, पाच होत्या, एक मागच्या बाजूला होती.

ताई अशा ठिकाणी फिरकत नाहीत. मी त्यांना मजकूर स्क्रीनशॉट काढून पाठवला. बऱ्याच वेळाने उत्तर आलं : "घुंगरांच्या दोऱ्या घामाने भिजल्या असतील. पिशवीत तशाच कोंबू नकोस, पितळ हिरवं पडतं. सावलीत वाळव आणि सोमवारी आण, झपताल घेऊ."