स्नेहसंमेलनातली एकांकिका

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात दीपप्रज्वलन, अहवालवाचन आणि बक्षीस वितरण दरवर्षी यथासांग होते. मी मात्र वाट पाहतो ती शेवटच्या एकांकिकेची. मराठीच्या बाई बाहेरची तयार संहिता कधीच घेत नसत. मुलांनी हस्तलिखितात लिहिलेल्या कथांतून एक निवडून तिची एकांकिका करत, आणि ती पंचवीस मिनिटांत संपलीच पाहिजे, असा त्यांचा दंडक होता.

एका वर्षीची कथा ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबाची होती. दसऱ्यापासून पाडव्यापर्यंतचा काळ, गाव, बैलगाडी, कारखान्याचा तळ असा तिचा विस्तार होता. बाईंनी त्यातली निघण्याआधीची एकच रात्र आणि घराची ओसरी एवढेच ठेवले. मुलगी सोबत जाणार की आजीजवळ राहून शाळा शिकणार, हा प्रश्न त्या रात्रीच सुटायचा होता, त्यामुळे पुढचे महिने दाखवण्याची गरजच उरली नाही. मुकादमही रंगमंचावर आला नाही. विंगेतून ट्रॅक्टरचा भोंगा तेवढा वाजला.

खरी कसोटी संवादांची होती. मुलांच्या पहिल्या खर्ड्यात बाप म्हणत होता, “आई, मुकादमाची उचल तुझ्या दवाखान्यात संपली, म्हणून आम्हाला जावंच लागणार.” बाईंनी विचारले, “हे आजीला ठाऊक नाही का? मग तो सांगतोय कोणाला?” प्रेक्षकांसाठी घातलेली माहिती त्यांनी काढली आणि उरले ते असे:

(बाप नोटा मोजतो. नजर फळीवरच्या औषधाच्या बाटलीकडे जाते. मोजणे थांबते.)
आजी : किती ऱ्हायले?
बाप : झोप तू.

मूळ कथेत बापाच्या मनातली घालमेल सांगणारा पानभर मजकूर होता. त्याचे काम त्या बाटलीने केले. ‘बाप मनातून खचला आहे’ अशी रंगसूचना त्या खोडत, कारण कंसात फक्त दिसणारे किंवा ऐकू येणारेच लिहायचे. मुलगी गणवेश बदलायला आत जाते, तेव्हा मंच रिकामा पडत असल्याचे तालमीत घड्याळ लावल्यावर कळले, म्हणून तिथे आजीने दशम्या बांधता बांधता पुटपुटण्याची चार वाक्ये वाढवावी लागली. कापाकापीत वाढवलेला मजकूर तेवढाच.

कोयता आणि कंदील देणारे पालक, ओसरी उभारणारे मांडववाले, भोंगा सांभाळणारे शिपाईमामा, विंगेत संहिता धरून बसलेली नववीतली मुलगी आणि दोन्ही दिवस चहा पाठवणारे शेजारचे हॉटेलवाले, यांच्यावाचून प्रयोग उभा राहिला नसता. लुगडे देणाऱ्या आजींचे नाव आभारात राहून गेले होते, म्हणून त्यांचाही इथे आवर्जून उल्लेख करतो. पुढच्या रांगेतले पाहुणे मात्र बक्षिसे वाटून निघून गेले, आणि ‘झोप तू’नंतरची मांडवातली शांतता मागे बसलेल्या ऊसतोड पालकांच्याच वाट्याला आली.