आप्पांची पिवळी बादली

आमचं गॅरेज कोल्हापूरच्या उद्यमनगरात, काम मुख्यतः ट्रकच्या खालचं: चाकाचे हब, पुढचं चाक ज्यावर वळतं ते किंगपिन, स्प्रिंगचे पाटे, ते पाटे टांगणारे शॅकल. गिऱ्हाईक बहुतेक करवीर, पन्हाळा, शाहूवाडीकडचं. दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की ऊसवाल्यांची गर्दी असते आणि त्याच गर्दीत आप्पांचा सहाचाकी ट्रक आला. आप्पांचं खरं नाव लिहीत नाही. घरचा ट्रक, घरच्या ट्रॉल्या, ऊसही घरचा, आणि ग्रीसची बादली पण घरचीच.

गुळाचे रवे भरून गाडी आंबा घाटातून रत्नागिरीला गेलेली. ड्रायव्हर पोरगा म्हणाला, "मिस्त्री, घाट उतरताना ब्रेक मारला की गाडी उजवीकडं ओढती, आणि साखरप्याला थांबलो तर डाव्या पुढच्या चाकाचा जळका वास." रिकामी गाडी हळूहळू वर आणली त्यानं. त्याचं शहाणपण की रत्नागिरीतून माल न भरता परत आला, कारण आप्पांनी फोनवर काय सांगितलं असेल ते मला माहीत आहे.

उजवीकडं ओढते म्हणजे डावा ब्रेक धरत नाही. बहुतेक जण इथंच ब्रेकचे लायनर बदलून मोकळे होतात. मी आधी हबचं टोपण काढलं. आत ग्रीस नव्हतंच. टोपणाच्या तळाला पातळ पिवळसर तेल साचलेलं, आणि बेरिंगच्या रोलरवर वाळक्या खळीसारखा तपकिरी थर. बोटानं घासला तर पापुद्रे निघाले. हब ओढून आतलं बेरिंग काढलं तर त्याच्या आतल्या कड्यावर, म्हणजे कोनवर, निळसर झाक, म्हणजे चांगलंच तापलेलं. ऑईल सीलच्या ओठावरून तेल पलीकडं गेलेलं आणि डाव्या बाजूचे दोन्ही लायनर चिंब. ओढण्याचं कारण ते. उजवी बाजू खोलली तर तिथंही तीच सुरुवात झालेली, फक्त सील जरा नवं होतं म्हणून तेल अजून आतच होतं.

पोरग्याला विचारलं, बेरिंगमध्ये ग्रीस कुणी भरलं? तर गणपतीच्या आसपास गावातच भरून घेतलेलं, ट्रॉल्यांचं ग्रीसिंग चाललं होतं त्याच बादलीतनं. पिवळी बादली, कप ग्रीस, म्हणजे साध्या कॅल्शियम बेसचं.

आता इथं जरा थांबून सांगतो, कारण आमच्या लाइनमधल्या निम्म्या लोकांना पण हे माहीत नसतं आणि माहीत करून घ्यायची हौसही नसते. ग्रीस म्हणजे घट्ट तेल नव्हे. त्यातलं ऐंशी-नव्वद टक्के तर साधं तेलच असतं, वंगणाचं काम तेच करतं. ते जागेवर राहावं म्हणून त्यात साबण घालतात, खराखुरा साबण, चरबीतलं आम्ल आणि अल्कली मिळून होतो तो. अल्कली चुन्याची असली की कॅल्शियम बेस, लिथियम हायड्रॉक्साईडची असली की लिथियम बेस. साबणाचे बारीक तंतू एकमेकांत गुंतून जाळी होते आणि त्या जाळीत तेल अडकून बसतं. बेस म्हणजे ही जाळी कशाची बनलीय एवढंच. ती कुठल्या तापमानाला तुटते आणि पाण्यात काय करते यावर ग्रीस कुठं वापरायचं ते ठरतं.

कप ग्रीसची गंमत अशी की त्याच्या जाळीला उभं राहायला थोडं पाणी लागतं, एखाद-दोन टक्के. ते पाणी बनवतानाच आत बांधलेलं असतं. म्हणून बाहेरच्या पाण्याला हे ग्रीस भीत नाही, चिखलात, पावसात, गाडी धुताना चिकटून बसतं. पण साठ अंशाच्या पुढं फार वेळ राहिलं की ते आतलं पाणी उडायला लागतं आणि शंभराच्या आसपास जाळीच मोडते, तेल एकीकडं, साबण एकीकडं. थंड झालं तरी परत ग्रीस होत नाही. आप्पांच्या टोपणात मला जे दिसलं ते हेच.

लिथियमच्या साबणाला पाण्याची गरज नाही. साधं लिथियम ग्रीस एकशेऐंशी-नव्वदच्या आसपास ओघळायला लागतं. आता डब्यावर एकशेऐंशी लिहिलंय म्हणून एकशेऐंशीला चालतं असं नव्हे हं, तो ओघळायचा आकडा आहे, काम करायचा नाही. सतत कामासाठी एकशेवीस-तीसच्या आत धरायचं. लिथियम कॉम्प्लेक्स त्याच्याही पुढं जातं, ओघळायचा आकडा अडीचशेच्या वर. घाट उतरताना ब्रेकचा ड्रम दोनशेच्या पुढं जाऊ शकतो, वजन पुढं येतं म्हणून पुढचे ब्रेक जास्त राबतात, आणि ड्रम हबलाच बोल्ट केलेला, ती उष्णता जाणार कुठं? सरळ बेरिंगकडं. सपाट रस्त्यावर याच कप ग्रीसनं कदाचित बरेच दिवस काढले असते.

दुपारी आप्पा आले. लायनर, सील, बेरिंगचे सेट, सगळं ऐकून म्हणाले, "ट्रॉलीला तेच घालतोय की रं, वर्षानुवर्षं. तिची चाकं न्हाईत का फिरत?"

खरं सांगतो, प्रश्न चुकीचा नव्हता. ट्रॉली हळू चालते, त्यांच्या जुन्या ट्रॉल्यांना ब्रेकच नाहीत, हब हाताला कोमट लागला तर लागला. उलट ती पाटाच्या पाण्यातनं, शेतातल्या चिखलातनं जाते. तिथं कॅल्शियम शोभतं. आणि दुसरं म्हणजे त्याच ट्रकच्या पाट्यांच्या पिना मी काढून बघितल्या तर आत ग्रीस ताजं, पिन गुळगुळीत, गंजाचा टिपका नाही. शॅकल पिन पूर्ण फिरत नाही, जरा इकडं जरा तिकडं एवढंच, तापत नाही, पण चाकानं उडवलेलं सगळं पाणी झेलते. म्हणजे एकाच गाडीत तीच बादली पिनांना बरोबर आणि हबला घातक. हे बोलून आप्पांना पटणार नव्हतं, म्हणून करून दाखवलं.

स्टोव्हवर जुन्या तव्यात वाळू घातली, त्यावर दोन स्टीलची झाकणं ठेवली, एकात त्यांचं पिवळं, एकात आमचं लिथियम, सुपारीएवढं. हे दाराबाहेर, उघड्यावर, आणि पोरांना लांब उभं करून. टेंपरेचर गन लावत बसलो. नव्वदच्या पुढं पिवळ्यात बारीक बुडबुडे यायला लागले, चरचर आवाज, ते पाणी. मग बघता बघता गोळा बसला आणि कडेनं तेल सुटलं. लिथियमवाला गोळा जरा मऊ पडून तसाच उभा. स्टोव्ह बंद केला, थंड होऊ दिलं, पिवळ्याच्या झाकणात तेलात पडलेला गाळ. आप्पांनी बोट घालून बघितलं आणि म्हणाले, "दुकानदारानं तर चांगलं म्हणून दिलं हुतं."

दुकानदार काउंटरवर विचारतो, पिवळं पाहिजे का निळं? अरे रंग हा रंग असतो, लिथियम पण पिवळं येतं, कॅल्शियम पण निळं करता येतं. डब्यावर मोठ्या अक्षरात मल्टिपर्पज, हेवी ड्यूटी, कसलं कसलं छापलेलं, आणि बेस कुठला ते एक तर मागं मुंगीच्या अक्षरात किंवा नाहीच. आकडा विचारला तर म्हणतात तीन नंबर म्हणजे दोनपेक्षा भारी. भारी कसलं, तो एनएलजीआयचा घट्टपणाचा नंबर. तीन नंबरचं कप ग्रीस असू शकतं आणि दोन नंबरचं लिथियम कॉम्प्लेक्स, घाटात दुसरंच टिकणार.

बरं, कॅल्शियम म्हणजे स्वस्तातलं आणि हलकं असंही समजू नये. बिनपाण्याचं कॅल्शियम ग्रीस येतं, ते एकशेदहाच्या आसपास काम करतं. आणि कॅल्शियम सल्फोनेट कॉम्प्लेक्स तर तापमान आणि पाणी दोन्हीत लिथियमला मागं टाकतं, फक्त भाव ऐकून गिऱ्हाईक खुर्चीतनं उठतं. आप्पांच्या नातवानं विचारलं, लिथियम म्हणजे बॅटरीतलंच का? हो, तेच. बॅटरीवाल्यांना पण लिथियम हायड्रॉक्साईड लागतं, म्हणून लिथियम ग्रीसचा भाव मधे चांगलाच वर गेला आणि ग्रीस बनवणारे परत कॅल्शियमकडं बघायला लागलेत. म्हणजे पुढं काउंटरवर नुसतं 'कॅल्शियम' ऐकून काहीच कळणार नाही, कुठलं कॅल्शियम ते विचारावं लागेल.

भरताना जे केलं ते सांगतो. हब, बेरिंगचं बाहेरचं कडं म्हणजे कप, चाकाचा दांडा म्हणजे स्पिंडल, सगळं रॉकेलनं धुऊन कोरडं पुसलं, कोपऱ्यातलं जुनं पण काडीनं काढलं. लिथियम आणि कॅल्शियम एकत्र आले म्हणून काही नासत नाही, पण जुन्या कप ग्रीसचा अंश राहिला की नव्याची उष्णता सोसायची ताकद कमी होते, मग महाग ग्रीस घालून उपयोग काय. नव्या बेरिंगमध्ये लिथियम कॉम्प्लेक्स तळहातावर घेऊन पिंजऱ्याच्या रुंद बाजूनं दाबत गेलो, अरुंद बाजूनं रोलरच्या फटीतनं बाहेर येईपर्यंत. नुसतं वरून चोपडलेलं बेरिंग आतून कोरडंच असतं. हबच्या पोकळीत कपाच्या पातळीपर्यंत कडं केलं, बाकी जागा मोकळी. आमच्याकडं पोरांना वाटतं ठासून भरलं की मालक खूश. पण ठासलेलं ग्रीस घुसळत राहतं, त्यानंच तापतं आणि सील फोडून लायनरवर जातं, म्हणजे परत तोच आजार.

किंगपिनला वेगळं, मॉलीवालं लिथियम, दोन नंबर. मॉलिब्डेनमची पूड वजनाखाली घासणाऱ्या, सावकाश हलणाऱ्या जागी कामाची, जोरात फिरणाऱ्या बेरिंगला ती लागत नाही. आणि किंगपिनला ग्रीस मारायचं तर अ‍ॅक्सल जॅकवर उचलून मारायचं. चाक जमिनीवर असलं की वजनानं खालची फट दाबलेली असते, ग्रीस सोप्या वाटेनं वरनंच बाहेर येतं आणि आपल्याला वाटतं भरलं. उचलून, चाक डावी-उजवीकडं वळवत, काळं सगळं निघून नवं दिसेपर्यंत ग्रीस गन चालवली.

पाट्यांच्या पिनांना मी आप्पांचीच पिवळी बादली वापरली. आमचा पोरगा बघतच राहिला.

माझ्या डोक्यात अजून घोळतंय ते हे, की गावाकडं दोन बादल्या कोण ठेवणार. सगळीकडं लिथियमच घाला म्हणणं सोपं, आणि एकच ठेवायची तर मी तेच सांगीन, कारण पिन लवकर धुतली गेली तर करकर आवाज येतो, पुन्हा ग्रीस गन मारता येते, हब मात्र घाटात बोलतो. पण मग पावसाळ्यात पिनांचं ग्रीसिंग लवकर लवकर करावं लागणार, आणि ते कोण करतंय? शिवाय आप्पांनी आता नवीन ट्रॉली घेतलीय, ब्रेकवाली. तिचे हब किती तापतात ते मला बघायचंय, भरलेली ट्रॉली कारखान्यावर जाताना टेंपरेचर गन घेऊन मागं जाणार आहे.

गावातल्या मिस्त्रीच्या बिलावर नुसतं 'ग्रीसिंग' एवढंच लिहिलेलं, काय भरलं ते नाही. म्हणून मी आमच्या बिलावर लिहिलं: हब लिथियम कॉम्प्लेक्स, किंगपिन लिथियम मॉली, पाटे पिन कॅल्शियम. आप्पांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "ह्या तिन्हीचं येगळं येगळं पैसं लावलास व्हय रं?"