आप्पांचा एमआरआय : किडनी 24 टक्क्यांवर असताना कॉन्ट्रास्ट कोणता घेतला आणि का

आमचं गाव पारोळा तालुक्यातलं, कापसाची शेती. आप्पा 62 वर्षांचे, शुगर जुनी, आणि चार-पाच वर्षांपासून किडनी हळूहळू उतरत चाललेली. क्रिएटिनिन 2.9, म्हणजे ईजीएफआर 24 च्या आसपास. सोप्या भाषेत किडनीचं काम साधारण पाव उरलंय असं समजा, डायलिसिस अजून नाही. मेटफॉर्मिन डॉक्टरांनी ईजीएफआर 30 च्या खाली गेला तेव्हाच बंद केलेली.

तर झालं असं की नेहमीच्या सोनोग्राफीत डाव्या किडनीवर 3 सेंटीमीटरची गाठ दिसली. साधी पाण्याची गाठ असती तर कोणी विचारलंही नसतं, पण आतलं पाणी स्वच्छ दिसत नव्हतं. मग साधा सीटी केला, बिना कॉन्ट्रास्टचा. त्यात गाठीची घनता 48 आली आणि तिथेच सगळं अडकलं. 20 च्या आत असतं तर पाणी, आणि 70 च्या वर एकसारखं असतं तर जुनं रक्त साचलेली निरुपद्रवी गाठ असं म्हणता येतं. मधल्या आकड्यावर नुसत्या फोटोवरून काहीच ठरत नाही. गाठीत रक्तपुरवठा आहे का हे बघावं लागतं, आणि त्यासाठी शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे फोटोत उजळून दिसणारं औषध. कॅन्सरच्या गाठीत औषध शिरतं, गाठ उजळते. नुसत्या साचलेल्या रक्तात शिरत नाही.

जवळच्या एका सेंटरला गेलो तर काउंटरवर रिपोर्ट बघूनच म्हणाले, क्रिएटिनिन 2.9 आहे, सीटीचा कॉन्ट्रास्ट दिला तर किडनी जाईल, आणि एमआरआयचा दिला तर अंगाची कातडी दगडासारखी कडक होते, आम्ही देत नाही, साधाच करा. आप्पा बाजूलाच उभे. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "आते काय कराणं?" मला त्या कातडीच्या गोष्टीने रात्रभर झोप आली नाही, आणि दुसऱ्याच दिवशी धुळ्याला किडनीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी जे समजावलं ते मी इथे सविस्तर लिहितोय कारण आपल्याकडे किडनीच्या पेशंटला या दोन्ही भीती दाखवून सरळ परत पाठवतात, आणि मग गाठ काय आहे ते वर्षभर कळतच नाही.

पहिली गोष्ट कातडीची. हा आजार खराच आहे, अफवा नाही. त्याला नेफ्रोजेनिक सिस्टेमिक फायब्रोसिस म्हणतात. पहिले पेशंट 1997 मध्ये अमेरिकेत लक्षात आले, सगळे किडनीचे पेशंट, पण कारण कुणालाच कळेना. एमआरआयच्या कॉन्ट्रास्टमध्ये जो गॅडोलिनियम धातू असतो त्याच्याशी संबंध जोडला गेला 2006 मध्ये, ऑस्ट्रिया आणि डेन्मार्कच्या डॉक्टरांच्या कामातून. सुरुवात बहुतेक वेळा पायाच्या कातडीपासून होते, ती जाड, लाकडासारखी घट्ट होते, वर चढत जाते, सांधे आखडतात, माणूस गुडघा सरळ करू शकत नाही, आणि काही पेशंटमध्ये हृदय, फुप्फुस, स्नायूंपर्यंतही पोचतं. इंजेक्शननंतर काही दिवसांत सुरू होऊ शकतं किंवा काही महिन्यांनीही. खात्रीचं औषध नाही. किडनीचं काम सुधारलं तर काहींना फरक पडतो एवढंच.

पण हे का होतं ते महत्त्वाचं. गॅडोलिनियम हा धातू सुटा शरीरात गेला तर विषारी आहे, म्हणून तो दुसऱ्या रेणूत पकडून देतात. हा पकडणारा रेणू दोन प्रकारचा असतो. एक लिनियर म्हणजे उघड्या साखळीसारखा, दुसरा मॅक्रोसायक्लिक म्हणजे बंद कड्याचा. डॉक्टर म्हणाले, पहिला प्रकार म्हणजे उपरण्याच्या गाठीत बांधलेले दाणे, आणि दुसरा म्हणजे झाकण लावलेला डबा. किडनी चांगली असेल तर औषधाची निम्मी मात्रा दीडेक तासात लघवीतून निघून जाते, गाठ सुटायला वेळच मिळत नाही. पण किडनी फारच खराब असेल तर तेवढ्याला 30 तासांहूनही जास्त लागतात, आणि तेवढ्या वेळात गाठ सैल होऊन धातू सुटतो आणि कातडीत जाऊन बसतो. आधी भीती वाटायची ती "गॅडोलिनियम" या नावाची. खरा प्रश्न होता कुठलं गॅडोलिनियम.

अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने याचे गट पाडलेत. पहिल्या गटात गॅडोडायमाइड, गॅडोपेंटेटेट, गॅडोव्हर्सेटामाइड, या आजाराच्या बहुतेक केसेस यांच्याच, आणि ईजीएफआर 30 च्या खाली असेल किंवा किडनी अचानक बिघडली असेल तर ही द्यायचीच नाहीत. दुसऱ्या गटात गॅडोटेरेट, गॅडोब्युट्रॉल, गॅडोटेरिडॉल वगैरे, ही तिन्ही बंद कड्याची. किडनी शेवटच्या दोन टप्प्यांत असलेल्या 4931 पेशंटना दुसऱ्या गटातलं औषध दिल्याचे अभ्यास 2019 मध्ये एकत्र तपासले गेले, त्यात हा आजार एकालाही झालेला नव्हता. शून्य आलं म्हणून धोका शून्य असं कुणी म्हणत नाही, पण हिशेबाने तो फार तर 0.07 टक्के असू शकतो असं निघालं. एका बाजूला हे, आणि दुसऱ्या बाजूला किडनीवरची गाठ न ओळखता सोडून देणं, निर्णय घ्यायला मला मग अडचण आली नाही.

मग मी विचारलं, सीटीचा आयोडीनवाला कॉन्ट्रास्ट का नको. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की तोही अगदी बंद नाही, आयोडीनने किडनी जाते ही भीती पूर्वी फार फुगवली गेली होती, कारण आजारी माणसाचं क्रिएटिनिन इतर कारणांनीही वाढतं आणि दोष कॉन्ट्रास्टला जायचा. पण 30 च्या खाली असलेल्यांना धोका खरंच असू शकतो म्हणून तिथे आधी आणि नंतर शिरेतून सलाईन देतात, हृदय कमजोर नसेल तर, पेनकिलर थांबवतात, आणि 48 ते 72 तासांनी क्रिएटिनिन परत बघतात. जीवावर बेतलेलं असेल, लकव्याचा झटका किंवा आतला रक्तस्राव, तर क्रिएटिनिनची वाट न बघता सीटी करतात आणि ते बरोबरच आहे. आमच्याकडे तशी घाई नव्हती, आणि शंका असलेल्या छोट्या गाठीला एमआरआय जास्त चांगलं उत्तर देतो, म्हणून एमआरआय.

आता खरी धावपळ. डॉक्टरांनी आधी ताजं क्रिएटिनिन करायला लावलं, कारण ईजीएफआरचं गणित आकडा स्थिर असेल तरच खरं, चार दिवसांत चढत असेल तर कागदावरचे 24 प्रत्यक्षात 10 असू शकतात. आकडा जागेवरच होता. मग चिठ्ठीवर त्यांनी नुसतं "एमआरआय कॉन्ट्रास्ट" न लिहिता औषधाचं नाव, गॅडोटेरेट, आणि मात्रा लिहून दिली, आणि खाली "बदलू नये". मी जळगावला एका सेंटरला फोन लावला, विचारलं कॉन्ट्रास्ट कुठला, तर "गॅडोलिनियमच असतं हो सगळीकडे." म्हटलं बाटलीवरचं नाव वाचा, नसेल वाचता येत तर फोटो टाका. व्हॉट्सॲपवर फोटो आला, झूम केला, गॅडोडायमाइड! म्हणजे पहिल्या गटातलं, नेमकं नको तेच. त्या माणसाने लपवलं काहीच नाही, त्याला फरक आहे हेच कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि मला राग येतो तो या गोष्टीचा. दुसऱ्या सेंटरच्या रेडिओलॉजिस्ट मॅडम स्वतः फोनवर आल्या, म्हणाल्या आमच्याकडे गॅडोटेरेटच आहे, बिनधास्त आणा.

तिथे टेक्निशियनने आप्पांना चपला काढून वजनकाट्यावर उभं केलं, 58 किलो. मात्रा किलोमागे 0.2 मिली, म्हणजे 11.6 मिली. बाटली 15 ची होती, त्याने मोजून तेवढंच घेतलं आणि उरलेलं फेकलं. हे मी मुद्दाम बघितलं कारण बाटली फोडलीय तर सगळीच देऊन टाकू ही सवय किडनीच्या पेशंटला परवडणारी नाही, जुन्या केसेसमध्ये जास्त मात्रा किंवा परत परत दिलेली मात्रा हा मोठा भाग होता. तसंही बंद कड्याचं औषधही अगदी थोडंसं अंगात मागे राहतंच, म्हणून गरज नसताना द्यायचं नाही हा नियम सगळ्यांनाच लागू.

मी विचारलं, लगेच एक डायलिसिस करून औषध काढून टाकायचं का. मॅडम म्हणाल्या नाही, जो डायलिसिसवर नाही त्याच्या मानेत यासाठी नळी टाकायची नाही, त्या नळीचा धोकाच जास्त. जो आधीपासून डायलिसिसवर आहे त्याचा एमआरआय ठरलेल्या डायलिसिसच्या थोडं आधी ठेवतात, म्हणजे औषध लवकर निघतं.

रिपोर्टमध्ये गाठ कॉन्ट्रास्टच्या आधीच पांढरी दिसत होती, त्यामुळे नंतर ती उजळली की नाही डोळ्याने कळत नाही. त्यासाठी नंतरच्या फोटोतून आधीचा फोटो वजा करतात, आणि वजा केल्यावर त्या जागी पूर्ण काळं होतं, म्हणजे आत औषध गेलंच नाही. जुनं रक्त साचलेली गाठ, बोस्नियाक 2 म्हणजे निरुपद्रवी गटातली, ऑपरेशन नाही, काही नाही. फाइलमध्ये मी तारीख, औषधाचं नाव आणि 11.6 मिली असं लिहून ठेवलंय, पुढच्या वेळी विचारतील तेव्हा कामी येईल.

परवा अमळनेरच्या आत्याचा फोन आला, तिचे दीर तीन वर्षांपासून डायलिसिसवर, लघवी पूर्ण बंद, पोटाचा कॉन्ट्रास्ट सीटी सांगितलाय आणि घरात सगळे "किडनी जाईल" म्हणून घाबरलेत. तिला म्हटलं, आत्या, जी किडनी कामच करत नाही तिचं आयोडीन अजून काय बिघडवणार, लघवी होत असती तर विचार करावा लागला असता, तुम्ही त्यांच्या डायलिसिसच्या डॉक्टरांना एकदा विचारा आणि करून घ्या. डॉक्टरांनीही तेच सांगितलं, सोमवारी सीटी आहे.